कथेतला लिपिक, १९१८ची मृत्यू-नोंदवही आणि एक्सेलचा तक्ता : नेमकं चुकेल कुठे?

बोरूटाक
एक लघुकथा लिहायला घेतली आहे, त्यासाठी जाणकारांची मदत हवी. कथेत खानापूर तालुक्यातल्या (जि. सांगली) एका ग्रामपंचायतीचा लिपिक आहे. कपाटात जुनी हस्तलिखित जन्म-मृत्यूची नोंदवही सापडते आणि वरून निरोप येतो की हे सगळं एक्सेलमध्ये भरून द्या. माणूस टापटिपीचा. ओळीला ओळ, रकान्याला रकाना, सगळीकडे एकच फाँट, अशा थाटात तो १९१८ सालचे मृत्यू भरतो. तक्ता सुरेख होतो आणि त्या सुरेखपणातच काहीतरी बिघडतं.

हे 'काहीतरी' काय ते मला सापडत नाहीये. वाळवी लागली, पान फाटलं, डोळ्यांत पाणी आलं असलं काही नको. जाणकार वाचकाने 'अगदी असंच होतं' म्हणावं अशी चूक हवी, आणि ती लिपिकाच्या आळसातून नाही तर टापटिपीतून आलेली हवी. सध्याच्या मसुद्यात तो शेवटी नावाप्रमाणे सॉर्ट करतो, एवढंच आहे. पुढे काय?

दप्तरबंद
चूक नंतर बघू. आधी दोन गोष्टी दुरुस्त करा, नाहीतर जाणकार वाचक पहिल्याच परिच्छेदात पुस्तक मिटेल.

एक, १९१८ची नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटात सापडणार नाही. ग्रामपंचायतीकडे सहसा १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरची रजिस्टरं असतात. हा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीचं ते गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. ते शोधायचं तहसीलच्या अभिलेख कक्षात, गावाच्या नावाच्या रुमालात बांधलेलं. त्यामुळे तुमचा लिपिक एकतर तहसीलला या कामावर पाठवलेला दाखवा, नाहीतर पानांच्या छायाप्रती गावात आलेल्या दाखवा. दुसरं कथेला जास्त सोयीचं. छायाप्रतीत लाल शाई काळी दिसते आणि शाईचा डाग व अनुस्वार यांत फरक कळत नाही.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. १९१८चं पान बहुधा मोडीत असणार, आणि आजच्या लिपिकाला मोडी येत नाही. म्हणजे शेजारी मोडी वाचणारा माणूस बसवावा लागेल. तो वाचणार, हा टाइप करणार. नाहीतर कथा १९५५-६०च्या बाळबोध पानांवर आणा.

विट्याची
दोन माणसं असली की कथेला तर बरंच! एक वाचतो, एक टाइप करतो, आणि चुका दोघांच्या मध्ये पडतात. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत. 'राणु' की 'राणू' हे पानावर ठरलेलंच नसतं, ते वाचणाराच ठरवतो. आणि तो सकाळी एक ठरवेल, जेवणानंतर दुसरं.

एक्सेलभाऊ
एवढं काय अवघड आहे त्यात? कॉलम सिलेक्ट करून डेट फॉरमॅट द्यायचा, एंट्री करायची, सॉर्ट मारायचा, संपला विषय. एक्सेलला १९००च्या आधीची तारीख कळत नाही हे खरं, पण १९१८ त्याच्या पुढचं आहे. तारखेचा काही प्रॉब्लेम येणार नाही. कथेत उगाच एक्सेलला बदनाम करू नका. 😄

दप्तरबंद
एक्सेलभाऊ, १९००चं बरोबर आहे. पण जुन्या पानावर कुणी १९१८ असं पूर्ण लिहीत नाही. साल पानाच्या डोक्यावर एकदा, खाली नुसतं १२-१०-१८. लिपिक जसं दिसतं तसं `12-10-18` टाइप करणार आणि एक्सेल ते १२ ऑक्टोबर २०१८ करून ठेवणार. दोन आकडी साल कुठल्या शतकात टाकायचं याची हद्द संगणकाच्या सेटिंगप्रमाणे २९ किंवा ४९ असते. १८ दोन्हीकडून या शतकातच पडतं. आणि सेलला dd-mm-yy असा फॉरमॅट दिला असेल तर पडद्यावर 12-10-18 च दिसत राहतं. वर फॉर्म्युला बारमध्ये पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

दुसरं बघा. संगणकाचा रीजन अमेरिकेचा राहिलेला असेल (नवीन मशीनवर हे नेहमीचं आहे), तर `12-10-18` ची १० डिसेंबर होते, पण `14-10-18` तशीच राहते, कारण चौदावा महिना नसतो. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलटतात आणि तेराव्यापासून पुढच्या मजकूर म्हणून पडून राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. काही तारखा सेलच्या उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला चिकटलेल्या दिसल्या की समजायचं. पण टापटिपीचा माणूस काय करतो? सगळा कॉलम सेंटर करतो. खूणच गेली.

बोरूटाक
वा! हे सेंटर करणं मी उचलणार. अगदी त्याच्या स्वभावातलं आहे.

एक्सेलभाऊ
मान्य. मग दिवस, महिना, साल असे तीन वेगळे कॉलम करा. आकडे आकडेच राहतील.

दप्तरबंद
हो, तेच करावं. आणि चौथा कॉलम 'पानावर जसं आहे तसं', तो टाइप करायच्या *आधी* टेक्स्ट फॉरमॅटचा. नंतर टेक्स्ट करून उपयोग नाही.

माणदेशी
आमच्यात सातबाऱ्याच्या टायमाला ह्येच झालं की. हिस्सा नंबर `12/3` मारला की `12-Mar`. आन जुना आकार तीन रुपये पाच आणे चार पै, म्हंजे `3-5-4`. त्याची झाली ३ मे २००४! टेक्स्ट कराय गेलं तर `38110` दिसाय लागलं. म्हटलं, शेतसारा लईच वाढला की.

विट्याची
😂😂 अडतीस हजार एकशे दहा रुपये आकार!

दप्तरबंद
तो आकडा म्हणजे १९००च्या सुरुवातीपासून मोजलेले दिवस. रुपये-आणे-पै तीन सेलमध्ये ठेवायचे आणि बेरीज हवीच असेल तर रुपये + आणे भागिले १६ + पै भागिले १९२. पण धागा मृत्यू-नोंदीचा आहे, सातबारा इथेच थांबवू.

कृष्णाकाठ
बोरूटाक, तुमच्या मसुद्यातला सॉर्ट हाच खरा घाव आहे. तुम्ही त्याच्या जवळ आहात, पण त्याने काय तुटतं ते तुम्हाला दिसलेलं नाही. एक काल्पनिक पान घेऊ. जुन्या नोंदीत माणूस एका ओळीत मावत नाही, तो वरच्या ओळीला धरून असतो. असं :

| अ.क्र. | तारीख | मयताचे नाव | कारण |
|---|---|---|---|
| ४१ | १२-१०-१८ | राणू बिन सखा | ताप |
| ४२ | 〃 | त्याची बायको | 〃 |
| ४३ | 〃 | त्याची मुलगी, ६ महिने | हगवण |
| ४४ | १४-१०-१८ | भिवा बिन तात्या | ताप |
| ४५ | 〃 | सदरचा भाऊ | 〃 |

वाचताना कुणालाही कळतं की बायको राणूची, भाऊ भिवाचा. आता नावाप्रमाणे सॉर्ट करा. क्रम येतो तो असा : त्याची बायको, त्याची मुलगी, भिवा, राणू, सदरचा भाऊ.

पहिल्या ओळीत 'त्याची बायको'. कुणाची, ते सांगायला वर कुणीच नाही, नुसती शीर्षकाची ओळ. हे निदान डोळ्याला खटकेल. खरी मेख शेवटच्या ओळीत आहे. 'सदरचा भाऊ' आता राणूच्या खाली आला. भिवाचा भाऊ राणूचा भाऊ झाला, आणि त्याचं 〃 आता १४ ऐवजी १२ तारीख सांगायला लागलं. कारण दोन्हीकडे ताप, म्हणून तेही जुळतं. एकही सेल रिकामा नाही, एकही अक्षर चुकलेलं नाही. टायपिंग तपासणाऱ्याने शब्दन् शब्द ताडून पाहिला तरी शून्य चुका.

बोरूटाक
हेच! हेच हवं होतं. एका घरातला मेलेला माणूस दुसऱ्या घरात गेला, आणि तक्ता मात्र बिनचूक.

पण एक शंका. वाचक म्हणेल, अनुक्रमांकाने परत सॉर्ट केलं की झालं पूर्ववत. मग त्यात काय मोठं?

कृष्णाकाठ
तिथेच तर टापटीप आडवी येते. जुन्या नोंदवहीचे अनुक्रमांक सरळ नसतात. दर सालाला पुन्हा १ पासून, मध्येच एखादा आकडा दोनदा, एखादा गाळलेला. तुमच्या लिपिकाला ते बघवणार नाही. तो अ.क्र.च्या सेलमध्ये हे घालून खालपर्यंत ओढणार :

```
=ROW()-1
```

आता कसंही सॉर्ट करा, अ.क्र. कायम १, २, ३, ४, ५. दिसायला झकास. पण मूळ क्रमाकडे परत जायची वाट त्याने स्वतःच बुजवली. फाइल सेव्ह करून बंद केली की Ctrl+Z पण नाही.

एक्सेलभाऊ
😶 हे मात्र खरं आहे. ROW सगळेच वापरतात.

विट्याची
पण अशी चूक करणारा लिपिक वाचकाला बावळट वाटणार नाही का? 〃 पाहिल्यावर कुणीही वरचं भरून घेईल की.

कृष्णाकाठ
भरून घेतो म्हटलं तरी सोपं नाही. तारखेसाठी शेजारी एक नवा कॉलम घ्यायचा. समजा मूळ तारीख C मध्ये आहे, तर D2 मध्ये `=C2` आणि D3 पासून खाली :

```
=IF(C3="〃",D2,C3)
```

मग D पूर्ण कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज म्हणून त्याच जागी चिकटवायचा, आणि त्यानंतरच सॉर्ट. व्हॅल्यूज न करता सॉर्ट केलं तर फॉर्म्युले आपल्या नव्या वरच्या ओळीकडे बघायला लागतात आणि जे टाळायचं तेच होतं.

यात आणखी एक अडचण. एका मोडी वाचकाच्या तोंडून 'कित्ता' येतं, दुसऱ्याच्या 'सदर', लिपिक कधी 〃 घालतो, कधी दोन स्वल्पविराम, कधी अवतरणचिन्ह. वरचा फॉर्म्युला फक्त 〃 पकडतो, बाकीचे जसेच्या तसे खाली उतरतात. म्हणून आधी फिल्टर उघडून यादीत किती तऱ्हेची 'वरीलप्रमाणे' आहेत ते बघायचं आणि सगळी एकसारखी करायची.

आणि नात्याला फॉर्म्युला चालतच नाही. 'सदरचा भाऊ' याचं 'भिवा बिन तात्याचा भाऊ' हे माणसानेच पानाकडे बघून करायचं. त्यासाठी वेगळा 'कोणाचा/कोणाची' कॉलम हवा. कार्यालयाने पाठवलेल्या ठरीव नमुन्यात तो कॉलम नसेल, तर लिपिक बावळट नाही, नमुना अपुरा आहे.

शेवटचं_पान
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, धागा भरकटवल्याबद्दल क्षमस्व. आजोबांच्या जन्माची नोंद हवी आहे, साल अंदाजे १९३१, वाळवा तालुका. तहसीलमधून यादी मिळाली, ती एक्सेलचीच प्रिंट आहे. त्यात आजोबांचं नाव कुठेच नाही. म्हणजे टाइप करताना गाळलं का?

दप्तरबंद
गाळलं असेलच असं नाही. कोतवाल बुकात जन्म झालेल्या बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बारसं व्हायच्या आत नोंद होते. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, एवढंच मिळतं. तुम्ही यादीत आजोबांच्या वडिलांचं नाव शोधा आणि त्यांना 'मुलगा' झाल्याच्या १९२९ ते १९३३ मधल्या सगळ्या नोंदी काढा. भावंडांची वयं माहीत असतील तर कोणता मुलगा ते जुळवता येईल. आणि प्रिंटवर थांबू नका, पान क्रमांक घेऊन मूळ पानाची नक्कल मागा.

बोरूटाक, हा मुद्दा तुमच्यासाठीही. तक्त्यात 'नाव' हा कॉलम सक्तीचा केलेला असेल तर लिपिक त्यात काय भरतो? 'निरंक'? '-'? की बापाचंच नाव? तिसरं केलं तर बाप स्वतःच्याच जन्माच्या नोंदीत जाऊन बसतो.

शेवटचं_पान
बापाच्या नावाने शोधल्यावर तीन नोंदी सापडल्या! एकापुढे नुसतं 'कु.' आहे. म्हणजे कुमारी? मग ती मुलीची नोंद झाली ना?

दप्तरबंद
कोणत्या रकान्यात आहे ते बघा. नावाच्या आधी असेल तर कुमारी. जातीच्या रकान्यात असेल तर बहुधा कुणबी. प्रिंटमध्ये दोन रकाने एकत्र केलेले असतील तर मूळ पान बघितल्याशिवाय कुणीही छातीठोक सांगू नये. 'कु.' दिसलं की Ctrl+H ने सगळीकडे 'कुमारी' करणारा टापटिपीचा माणूस फार महागात पडतो. सध्या त्या एका अक्षरासाठी लोक तहसीलला रांगा लावतात.

माणदेशी
आन उलट बी होतंय. सगळीकडं कुणबी केलं तर 'कुणबी सोनाबाई' व्हायची.

हळदीबाजार
कारणाच्या रकान्याबद्दल कुणी बोललं नाही. ऑक्टोबर १९१८ म्हणजे मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाच्या साथीचा कळस. त्या महिन्यात एका गावात ओळीने 'ताप', 'ताप', 'ताप' असेल तर तो इन्फ्लुएंझाच. तक्त्यात तसं लिहिलं तर पुढे अभ्यास करणाऱ्याला उपयोग होईल. पटकी, देवी ही कारणं पाटलाला डोळ्यांनी ओळखता यायची, पण हा आजार नवा होता, म्हणून त्याला ताप म्हटलं.

कृष्णाकाठ
साथीचं बरोबर आहे, पण एकेका ओळीला हे लावता येत नाही. त्याच ऑक्टोबरात हिवतापानेही माणसं जात होती, न्यूमोनियानेही. पाटलाने 'ताप' लिहिलं तर तक्त्यातही 'ताप'च हवा. अभ्यासकाला अंदाज करायचा असेल तर तो एकूण संख्येवरून करेल. सप्टेंबरात किती ताप, ऑक्टोबरात किती, हे त्याला तक्त्यातून लगेच काढता येतं. तुम्ही आधीच इन्फ्लुएंझा लिहून ठेवलंत तर त्याच्या हातात पाटलाची नोंद न येता तुमचं मत येतं.

हळदीबाजार
मग वेगळा कॉलम करा, 'संभाव्य कारण'. मूळही राहील आणि अर्थही कळेल. नुसतं 'ताप ताप' भरलेल्या तक्त्याचा सामान्य माणसाला काय उपयोग?

कृष्णाकाठ
पुढचा माणूस कोणता कॉलम कॉपी करून नेईल ते आपल्या हातात नसतं. मी ठेवणार नाही.

हळदीबाजार
मी ठेवेन. इथे आपलं जमायचं नाही.

विट्याची
बोरूटाक, हे भांडण मोडी वाचक आणि लिपिकात लावून द्या. फुकटात संवाद मिळाले.

मथळ्याबद्दल एक. १९१८चं पान असेल तर वर जिल्हा सातारा लिहिलेला असणार, कारण तेव्हा खानापूर तालुका सातारा जिल्ह्यात. १९४९ला उत्तर सातारा-दक्षिण सातारा झालं आणि दक्षिणेचं सांगली हे नाव १९६०चं. तुमचा लिपिक 'जि. सातारा' बघून 'चुकलंय की' म्हणत सांगली करेल. तसाच कडेगावकडच्या गावांचा घोळ. कडेगाव तालुका नंतर खानापुरातून वेगळा काढला. म्हणजे 'ता. खानापूर' हे त्या पानापुरतं बरोबर आहे, आजच्या नकाशावर चुकीचं.

दप्तरबंद
म्हणून दोन कॉलम. 'नोंदीतील तालुका-जिल्हा' आणि 'आजचा तालुका-जिल्हा'. इथे तरी हळदीबाजार आणि कृष्णाकाठ दोघांचंही ऐकता येतं, कारण आजचा तालुका हे मत नाही.

फाँटवाला
कुणी युनिकोडबद्दल बोललं नाही म्हणून. 'राहणार कऱ्हाड' असे बाहेरगावचे मयत येणारच. हा शब्द टाइप करायच्या दोन वाटा आहेत. इनस्क्रिप्टवर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, ती वापरून क, ऱ, ्, ह, ा, ड. काही कीबोर्ड मात्र साध्या र ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण फिल्टरच्या यादीत कऱ्हाड दोनदा आलं की गोंधळ सुरू, एक निवडलं की दुसऱ्याचे मयत गायब. तपासायला :

```
=LEN(F2)
```

पहिल्याचे ६ येतात, दुसऱ्याचे ७. माणूस दुपारी दुसऱ्या मशीनवर बसला की हे हमखास होतं. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात भरलेली फाइल असेल तर दुसरीकडे उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हं. पण तो वेगळा धागा होईल.

एक्सेलभाऊ
माझ्याकडून एक भर, आता बदनामी म्हणणार नाही. 😄 एक्सेलचं ऑटोकम्प्लीट. त्याच कॉलममध्ये वर 'राणू बिन सखा' आहे. खाली वाचणारा 'राणू' म्हणाला आणि पुढचं अक्षर लागेना म्हणून थांबला. लिपिकाने 'राणू' टाइप केलं, एक्सेलने पुढे 'बिन सखा' सुचवलं, याने एंटर मारला. राणू बिन सखा दुसऱ्यांदा मेला. बंद करायचं असेल तर File > Options > Advanced मध्ये 'Enable AutoComplete for cell values' ची खूण काढायची. नावांच्या कामाला हे पहिल्या दिवशीच काढावं.

विट्याची
राणूने काय घोडं मारलंय या धाग्याचं?

बोरूटाक
सगळ्यांचे आभार, आणि राणूची माफी. 🙏 कथेची जुळणी आता अशी धरतो : लिपिक तहसीलहून आलेल्या छायाप्रतींवरून काम करतोय, शेजारी मोडी वाचणारे गुरुजी. सुट्या आकड्यांना वैतागून तो ROW घालतो, तारखा सेंटर करतो, नावाने सॉर्ट करून फाइल पाठवतो. भिवाच्या घरचा कुणी दाखल्याला येतो आणि त्याचा चुलत आजोबा राणूच्या घरात सापडतो.

दोन गोष्टी अजून अडतात. हे उघडकीला कसं येतं? आणि आलं की लिपिक दुरुस्ती कुठे करतो, मूळ पानात की तक्त्यात?

कृष्णाकाठ
उघडकीला यायला पान क्रमांकाचा कॉलम लागतो. गुरुजी हट्टाने तो भरायला लावतात असं दाखवा. मग एका पानावरच्या नोंदी वेगळ्या काढून पानाशी ताडता येतात. पान १७ वर पाच नोंदी, तक्त्यातही पाच, म्हणजे माणूस हरवलेला नाही, जागा बदललेली आहे. इतकं कळलं की छायाप्रतीवर बोट ठेवून पाच मिनिटांत भिवाचा भाऊ सापडतो. पण हे पाचच ओळींचं झालं. साथीच्या वर्षाची दोनशे पानं असतील तर प्रत्येक 'सदरचा' आणि 'त्याची' साठी पान उघडावंच लागतं. त्याला फॉर्म्युल्याचा आडमार्ग नाही.

दप्तरबंद
दुरुस्तीचं. चूक तक्त्यात आहे, तर दुरुस्तीही तक्त्यात. मूळ पानाला हात लावायचाच नाही. १९७० नंतरच्या नोंदवहीत तर कायद्याच्या कलम १५ मध्येच आहे की चूक सुधारायची झाली तरी मूळ नोंद न बदलता समासात दुरुस्ती लिहायची आणि निबंधकाने तारखेसह सही करायची. म्हणून जुन्या वहीत खोडलेलंही वाचता येतं आणि कुणी खोडलं तेही. एक्सेलमध्ये सेलमध्ये नवीन टाइप केलं की जुनं गेलं. त्याला समास द्यायचा असेल तर 'शेरा' कॉलम ठेवा. आधी काय होतं, काय केलं, कुणी, कधी. आणि सॉर्ट करायच्या आधीची एक प्रत वेगळ्या नावाने.

तुमचा टापटिपीचा लिपिक शेरा कॉलम लपवेल, छापताना मावत नाही म्हणून. तेवढं घाला.

माणदेशी
लँडस्केप करा की मग. ए-थ्रीवर मावतंय. न्हाईतर 'फिट टू वन पेज' मारंल आन अक्षर मुंगीएवढं हुईल.

शेवटचं_पान
अपडेट : मूळ पानाची नक्कल मिळाली. 'कु.' जातीच्या रकान्यात आहे आणि पुढे 'मुलगा'. तारीख मात्र शके १८५३, आषाढ वद्य अशी आहे. याचं इंग्रजी साल कसं काढायचं?

दप्तरबंद
शकात ७८ मिळवा, १९३१. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची नोंद असती तर ७९ मिळवावे लागले असते, आषाढाला ७८च. नेमकी तारीख त्या सालच्या पंचांगावरून काढावी लागेल. अर्जात आधी पानावर आहे तशी शके-तिथी लिहा, खाली इंग्रजी तारीख.